निवडलेले रंग, पडलेला प्रकाश

हापूस आंब्याच्या दोन प्रतिमा घ्या. एक मोबाइलवर काढलेला फोटो. दुसरं संगणकावर काढलेलं कार्टून: पिवळंधमक अंग, भोवती जाड काळी कड, देठाशी एक हिरवं पान. दोन्ही एखाद्या संकेतस्थळावर अपलोड करा. पापणी लवते न लवते तोच पलीकडच्या मॉडेलने निकाल दिलेला असतो: हा फोटो, ते चित्र. तीन वर्षांचं मूलही हे सांगेल, म्हणून आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण मुलाला आंबा दिसतो, त्याने तो खाल्लेला असतो. मॉडेलच्या हाती येतात ते नुसते आकडे. आणि गंमत अशी की, त्यातला फरक ओळखायला आंबा कळण्याची फारशी गरजच पडत नाही.

हा फरक ओळखण्याची गरज अनेकांना असते. ओळखपत्रासाठी चेहऱ्याचा फोटो मागितला आणि कुणी कार्टून चढवलं तर ते परत पाठवावं लागतं. छायाचित्रांच्या संग्रहात चित्रं मिसळली तर वेगळी काढावी लागतात. आक्षेपार्ह मजकूर तपासणाऱ्यांचे नियम खऱ्या माणसांच्या फोटोंना वेगळे आणि रेखाटनांना वेगळे असतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी अपलोड झालेल्या प्रतिमेला सुरुवातीलाच हा प्रश्न विचारला जातो.

आता त्या आकड्यांत डोकावू. संगणकावरची प्रतिमा म्हणजे पिक्सेलांची जाळी, आणि प्रत्येक पिक्सेल म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते २५५ मधला. कार्टूनमधल्या आंब्याच्या पोटावरचे शेजारशेजारचे तीन पिक्सेल वाचले तर समजा असं दिसेल: २५५, २००, ४०; पुन्हा २५५, २००, ४०; पुन्हा तेच. काढणाऱ्याने पिवळा रंग एकदा निवडला आणि तो सगळीकडे ओतला. फोटोतल्या आंब्याच्या पोटावर मात्र असं काहीतरी सापडेल: २३१, १७८, ५२, मग २३३, १७७, ५५, मग २२९, १७६, ५०. डोळ्यांना हे तिन्ही एकच पिवळे वाटतात. आकड्यांत मात्र ते सतत थरथरत असतात.

ही थरथर कॅमेरा वाईट असल्यामुळे येत नाही. ती प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश कणाकणांनी येतो आणि सेन्सरवरचा प्रत्येक चौकोन आपल्या वाट्याला आलेले कण मोजतो. पावसात अंगणात शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन सारख्या वाट्यांत नेमके सारखे थेंब कधी पडत नाहीत, इथेही तसंच. या चढउताराचं गणितही ठरलेलं आहे. सरासरी १०,००० कण पडत असतील तर आकडा साधारण १०० ने इकडेतिकडे होतो, म्हणजे एक टक्का. सरासरी १०० च पडत असतील तर १० ने होतो, म्हणजे दहा टक्के. दिवेलागणीला घरात काढलेला फोटो भर दुपारच्या फोटोपेक्षा जास्त दाणेदार का येतो, याचं मूळ कारण हेच.

त्यावर आणखी एक खूण उमटते. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या प्रत्येक चौकोनावर एकाच रंगाची काच असते: निम्म्या चौकोनांवर हिरवी, पाव चौकोनांवर लाल, पाव चौकोनांवर निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची ही रचना, तिचं पेटंट १९७६ चं. म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या तीन आकड्यांपैकी एकच प्रत्यक्ष मोजलेला असतो. उरलेले दोन कॅमेऱ्याने शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने भरलेले असतात. फोटोतले दोन तृतीयांश आकडे असे हिशेबाने काढलेले, आणि त्या हिशेबाची एक ठरावीक वीण सगळ्या फोटोभर पसरलेली असते. कार्टूनमध्ये ती वीण असण्याचं कारणच नाही.

फोटो आणि चित्र यांतला मुळातला भेद इथे हाती लागतो. चित्रातला रंग कुणीतरी निवडलेला असतो. फोटोतला रंग कुणी निवडत नाही, तो प्रकाश पडल्यामुळे तसा येतो. मॉडेलचं सारं कसब या निवडलेपणाच्या आणि पडलेपणाच्या खुणा शोधण्यात आहे.

निवडलेपणाची सगळ्यात ठळक खूण म्हणजे रेघ. जगात वस्तूंभोवती रेघ नसते. आंबा संपतो तिथे टेबल सुरू होतं. एक रंग जाऊन दुसरा येतो, एवढंच. आकड्यांत ही एक पायरी असते: उजेड, मग एकदम काळोख, किंवा उलट. चित्रकार मात्र आंबा आणि टेबल यांच्यामध्ये एक तिसरीच गोष्ट आणतो, काळी रेघ. आकड्यांत ती पायरी राहत नाही, चर होतो: उजेड, काळोख, पुन्हा उजेड, आणि तेही दोनचार पिक्सेलांत. शि. द. फडणीसांच्या शब्दाविना हसवणाऱ्या चित्रांतली नेटकी बाह्यरेषा किंवा आर. के. लक्ष्मण यांच्या ब्रशची जाडबारीक होत जाणारी रेघ आठवा. तिथे जवळजवळ प्रत्येक वस्तूभोवती असा चर खणलेला असतो. फोटोतही चर सापडतात, विजेच्या तारा असतात, केस असतात, नऊवारीचे काठ असतात. पण सगळ्या वस्तूंना सगळीकडून वेढणारे, साधारण एकाच जाडीचे चर निसर्गात कुणी खणत नाही.

या खुणा माणसांनी आधी हाताने मोजल्या. १९९६-९७ च्या सुमारास शिकागो विद्यापीठातले व्हॅसिलिस अथित्सोस, मायकेल स्वेन आणि चार्ल्स फ्रँकेल वेबवरच्या प्रतिमा शोधून देणारी एक यंत्रणा बांधत होते. तिचं नाव वेबसीअर. शोधणारा फोटो मागेल किंवा आरेखन, म्हणून कोणती प्रतिमा काय आहे हे तिला कळायला हवं होतं. त्यांनी काही साध्या मोजण्या ठरवल्या. प्रतिमेत वेगवेगळे रंग किती? सगळ्यात जास्त वापरलेला रंग किती पिक्सेलांत आहे? रंग किती भडक आहेत? आणि सगळ्यात मजेदार मोजणी: प्रत्येक पिक्सेलने आपल्या शेजाऱ्यांपैकी रंगाने सर्वांत दूरचा शेजारी शोधायचा आणि ते अंतर नोंदवायचं.

हे अंतर काढणं सोपं आहे. लाल, हिरवा, निळा या तिन्हींतला फरक काढायचा आणि बेरीज करायची. ती शून्यापासून ७६५ पर्यंत जाऊ शकते. आपल्या फोटोतल्या पहिल्या दोन पिक्सेलांत फरक आहे २, १ आणि ३, म्हणजे अंतर ६. कार्टूनमध्ये पोटावरच्या दोन पिक्सेलांतलं अंतर शून्य, पण पिवळ्यातून काळ्या कडेवर पाऊल पडलं की अंतर एकदम २५५ अधिक २०० अधिक ४०, म्हणजे ४९५. कार्टून असं दोन टोकांत वागतं: एक तर अजिबात हालचाल नाही, नाहीतर थेट उडी. फोटो बहुतेक वेळ लहान लहान पावलं टाकतो. या मोजण्यांवरून पायरीपायरीने प्रश्न विचारत जाणारे निर्णयवृक्ष त्यांनी तयार केले आणि अनेक वृक्षांची मतं एकत्र करून निकाल काढला.

त्या काळी हे चांगलं चाललं. पण या मोजण्यांना एक सोपा शत्रू आहे: जेपेग. या पद्धतीत प्रतिमा ८ बाय ८ पिक्सेलांच्या चौकोनांत चिरली जाते आणि डोळ्यांना जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून फाइल लहान केली जाते. फोटोला ते मानवतं. कार्टूनला नाही. काळी कड ज्या चौकोनातून जाते त्या सगळ्या चौकोनात फिकट डागांची घाण पसरते. आपलं पाचसहा रंगांचं आंब्याचं कार्टून एकदा जेपेग केलं की त्यात शेकडो रंग निघतात. तेच व्हॉट्सअॅपवर कुणी पुढे पाठवलं, कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढला, तो पुन्हा कुणी पाठवला, की रंग मोजण्याची युक्ती पार बाद होते. फाइलसोबत येणारी कॅमेऱ्याची माहिती वाचावी, तर ती वाटेत गळून गेलेली असते. आणि असली तरी तिचा भरवसा नाही, कारण वहीतल्या रेखाटनाचा मोबाइलवर फोटो काढला तर त्यालाही कॅमेऱ्याचं नाव चिकटतं.

तैलचित्रं आणि जलरंगातली चित्रं हा याहून अवघड भाग. त्यांना काळी कड नसते, सपाट रंगही नसतो. २००३ मध्ये इंडियाना विद्यापीठातले फ्लोरिन कुत्झू आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाला भिडले. त्यांची एक कल्पना फार सुंदर आहे. प्रतिमेतला रंग काढून ती कृष्णधवल करा आणि पाहा, किती गमावलं? फोटोत फारसं गमावत नाही, कारण फोटोतल्या बहुतेक कडा उजेड आणि सावलीच्या असतात, त्या करड्या छटांतही टिकतात. चित्रकार मात्र सारख्याच उजळपणाचे दोन रंग शेजारी ठेवून कड निर्माण करतो; पोपटी शेताला भिडलेलं केशरी आकाश. रंग गेला की ती कडही गेली. शिवाय चित्रांत भडक रंगांचे पिक्सेल अधिक, आणि वेगवेगळ्या रंगछटांची संख्याही प्रतिमेच्या आकाराच्या मानाने अधिक, असं त्यांना आढळलं. म्हणजे कार्टूनमध्ये फोटोपेक्षा रंग कमी आणि रंगचित्रात फोटोपेक्षा जास्त! अशा मोजण्यांना पोताच्या मोजण्यांची जोड देऊन त्यांनी ९० टक्क्यांहून जास्त प्रतिमा बरोबर ओळखल्या.

आज बहुतेक ठिकाणी या मोजण्या माणूस ठरवत नाही. त्या ठरवण्याचं काम न्यूरल नेटवर्ककडे सोपवलेलं असतं. अपलोड आल्यावर काय होतं ते २०१५ मध्ये आलेल्या आणि अजूनही खूप वापरात असलेल्या रेझनेट-५० या नेटवर्कच्या उदाहरणाने पाहू. आधी फाइल उलगडून पिक्सेल मिळवले जातात, आडवा पडलेला फोटो सरळ केला जातो. मग प्रतिमा लहान केली जाते. रूढ पद्धत अशी की, तिची लहान बाजू २५६ पिक्सेलांवर आणायची आणि मधला २२४ बाय २२४ चा चौकोन कापून घ्यायचा. हे झाले ५०,१७६ पिक्सेल, प्रत्येकी तीन आकडे, म्हणजे एकूण १,५०,५२८ आकडे. एवढीच मॉडेलची सामग्री.

पहिल्या थरात ६४ छोट्या खिडक्या असतात, प्रत्येक ७ बाय ७ पिक्सेलांची. प्रत्येक खिडकी प्रतिमेवरून सरकत जाते आणि आपल्याला हवा तो नमुना कुठे कुठे दिसतो ते नोंदवते. कुणाला तिरकी कड हवी असते, कुणाला बारीक पट्टे, कुणाला निळ्याशेजारचा पिवळा. पुढचे थर या नोंदींवर नोंदी करतात: पायरी की चर, चराच्या दोन्ही बाजूंना सपाट रंग आहे का, पृष्ठभागावर छटा हळूहळू गडद होत जाते की टप्प्याटप्प्याने. शेवटी ७ बाय ७ अशा ४९ जागांवर प्रत्येकी २,०४८ नोंदी उरतात. त्या ४९ जागांची सरासरी काढली की संपूर्ण प्रतिमेचं वर्णन २,०४८ आकड्यांत मावतं. त्यावरून फोटो, कार्टून, रंगचित्र अशा प्रत्येक वर्गाला एक गुण मिळतो आणि गुणांची टक्केवारी होते.

या खिडक्यांना काय शोधायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. सुरुवातीला त्यांच्या नमुन्यांचे आकडे बहुधा दुसऱ्याच कामावर शिकलेले असतात, उदाहरणार्थ कुत्रा, मांजर, खुर्ची ओळखण्याच्या कामावरचे. मग शेवटचा थर बदलून नावं लावलेल्या हजारो प्रतिमा दाखवल्या जातात. उत्तर चुकलं की ज्या आकड्यांमुळे चुकलं ते सगळे किंचित सरकवले जातात. असं पुन्हा पुन्हा करत गेलं की शिकागोतल्या संशोधकांनी विचार करून शोधलेल्या मोजण्यांसारख्या, आणि कुणालाच न सुचलेल्या, अशा मोजण्या आपोआप तयार होतात.

त्या ४९ जागांच्या सरासरीकडे जरा थांबून पाहायला हवं. सरासरी काढली की कोणती गोष्ट कुठे होती हे पुसलं जातं. काय काय होतं आणि किती होतं, एवढंच उरतं. म्हणजे आकृती हरवते, पोत राहतो. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात याचा दोन्ही बाजूंनी प्रत्यय आला. २०१५ मध्ये तिथल्या लिऑन गॅटिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, नेटवर्कमधल्या कोणत्या नोंदी एकत्र जागृत होतात एवढंच जागा विसरून टिपलं, तर चित्रकाराची शैली हाती येते. तिथल्या नदीकाठच्या घरांचा साधा फोटो त्यांनी व्हॅन गॉगच्या ‘तारांकित रात्र’ या चित्राच्या शैलीत बदलून दाखवला. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठातल्या रॉबर्ट गाइरहोस आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आकृतीवर हत्तीची कातडी चढवली. माणसं मांजर म्हणाली, नेटवर्क हत्ती म्हणालं. वस्तू ओळखण्याच्या कामात हा दोष आहे. पण फोटो आणि चित्र वेगळं करण्याच्या कामात मॉडेलला मांजर दिसलं नाही तरी चालतं. कातडी दिसली पाहिजे. एका ठिकाणची खोड दुसऱ्या ठिकाणी गुण ठरते.

मात्र वर जी थरथर आपण इतकी कौतुकाने पाहिली, तिचं मॉडेलपर्यंत पोहोचेतो काय होतं? ४,००० बाय ३,००० पिक्सेलांच्या फोटोची लहान बाजू ३,००० वरून २५६ वर आली म्हणजे प्रत्येक दिशेने सुमारे बारा पिक्सेल एकात मिसळले, एकूण सुमारे १३७. इतक्यांची सरासरी घेतली की स्वतंत्र चढउतार ढोबळमानाने एक बारांश होतो. मूळ फोटोत आकडा ३ ने थरथरत असेल तर आता पाव आकड्याने. आणि आकडे पूर्णांकात मांडायचे म्हटल्यावर तो बहुतेक जागी नाहीसाच होतो. बायरच्या काचांची वीणही त्याच घासणीत पुसली जाते. फोटोपणाचा सर्वांत अस्सल पुरावा मॉडेल बघण्याआधीच गेलेला असतो!

मग लहान प्रतिमेत काय टिकतं? प्रकाशाची मोठी वागणूक टिकते. आंब्याच्या गोलाईवर उजेडातून सावलीत जाणारी सलग छटा, खालच्या बाजूला टेबलाच्या रंगाची झाक, पडछायेची एका टोकाला तीक्ष्ण आणि दूर जाताना विरत जाणारी कड, मागच्या वस्तूंचं भिंगामुळे आलेलं धूसरपण. बहुतेक मॉडेल यावर निर्णय देतात. ज्यांना बारीक पुरावाही हवा असतो ते मूळ आकाराच्या प्रतिमेतून काही तुकडे न लहान करता कापून घेतात आणि तेही तपासतात.

आता एक खरोखर अवघड प्रतिमा मॉडेलपुढे ठेवू. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. आपल्याच मुलीला समोर उभं करून त्यांनी ते रंगवलं, आणि अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, बोटांच्या फटींतून लालसर उजेड, त्याच उजेडात चेहरा, आणि मागे भिंतीवर सावली. या चित्राची वेबवर मिळणारी प्रत मॉडेलला दिली तर काय होईल?

काळी कड कुठेच नाही. सपाट रंग नाही. कृष्णधवल केलं तर फारसं गमावत नाही, कारण चित्राच्या बहुतेक कडा उजेडाच्या आहेत. म्हणजे कुत्झूच्या कसोटीवर ते फोटोच्या बाजूला झुकतं. उजेड एकाच दिव्याचा आणि सावली त्याला साजेशी. लहान केलेल्या प्रतीवर मॉडेलने समजा गुण दिले: फोटो २.१, रंगचित्र १.६, कार्टून उणे १.५. यांची टक्केवारी करताना प्रत्येक गुण २.७१८ या संख्येचा घात म्हणून मांडतात. ते येतात सुमारे ८.१७, ४.९५ आणि ०.२२, बेरीज १३.३४. म्हणजे फोटो ६१ टक्के, रंगचित्र ३७, कार्टून २. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा चित्रावर मॉडेलचं उत्तर याच तऱ्हेने डगमगू शकतं.

चित्राचं चित्रपण मग कशात लपलंय? एक म्हणजे उजेडाच्या वाटणीत. खऱ्या खोलीत ज्योत आणि अंधारा कोपरा यांच्या उजेडात प्रचंड अंतर असतं. कॅमेऱ्याने चेहरा नीट घेतला तर ज्योतीभोवती बहुधा नुसता पांढरा डाग येतो आणि कोपरा काळाठिक्कर होतो. कागदावरचा सर्वांत पांढरा भाग सर्वांत काळ्यापेक्षा काही दहापटच उजळ असू शकतो, म्हणून चित्रकार हिशेबाने उजेड वाटतो. ज्योतीची लाली, चेहरा आणि साडीच्या सावलीतल्या चुण्या हे सगळं एकाच वेळी दिसू देतो. दुसरं म्हणजे धूसरपण. चित्रकाराची नजर बोटांवर आणि भिंतीवर सारखीच रेंगाळलेली असते. कुठे तपशील द्यायचा आणि कुठे सोडायचा हे अंतरावरून ठरत नाही, त्याच्या मनावरून ठरतं. तिसरा पुरावा मोठ्या आकाराच्या प्रतीतच मिळेल. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात फोटो काढला असता तर तो दाणेदार आला असता. चित्राची प्रत मात्र बहुधा चांगल्या उजेडात टिपलेली असते, म्हणून तिच्यातली थरथर शांत असते. दृश्य म्हणतं रात्र आहे, आणि पिक्सेल म्हणतात लख्ख उजेड आहे. शिवाय मोठ्या प्रतीत कागदाचा रवा साडीवरून, भिंतीवरून, गालावरून एकाच मापाने पसरलेला सापडू शकतो.

मॉडेल चुकतं तेव्हा ते बऱ्याचदा भलत्याच खुणेवर विसंबल्यामुळे चुकतं. शिकवण्यासाठी फोटो एका ठिकाणाहून आणि चित्रं दुसऱ्या ठिकाणाहून गोळा केली, आणि चित्रांची पार्श्वभूमी बहुतेक पांढरी निघाली, तर मॉडेल सगळ्यात सोपा धडा शिकतं: पांढरं म्हणजे चित्र. मग विक्रीसाठी पांढऱ्या कापडावर ठेवून काढलेला स्टीलच्या डब्याचा फोटोही चित्र ठरतो. उलट, मोबाइलने त्वचेवरचे बारकावे पुसून गुळगुळीत केलेला चेहरा रंगचित्राकडे सरकतो. आणि सकाळी गटावर येणारी शुभेच्छापत्रं, ज्यांत गुलाबाचा फोटो, काढलेला सूर्य आणि वर ठळक अक्षरं असतात, ती धड इकडची ना तिकडची.

हे पकडायची पद्धत सोपी आहे. प्रतिमेवर एक करडा चौकोन ठेवायचा, तो जागोजाग सरकवायचा आणि प्रत्येक वेळी उत्तर कितीने बदलतं ते पाहायचं. डबा झाकला तरी उत्तर हलत नाही आणि रिकामी पार्श्वभूमी झाकली की उलटतं, तर मॉडेल डबा बघतच नव्हतं. तोच डबा लाकडी टेबलावर ठेवून काढलेला फोटो देऊन खातरजमा करता येते. शिवाय एकूण गुणांवर भुलू नये. समजा १,००० प्रतिमांपैकी ९७० बरोबर आल्या. ९७ टक्के ऐकायला छान. पण चुकलेल्या ३० पैकी २० पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो असतील, आणि असे फोटो मुळात ४० च असतील, तर त्या गटात मॉडेल निम्म्या वेळा चुकतंय. दुकानदारांच्या अपलोडसाठी ते निरुपयोगी आहे.

काही चुका मात्र मॉडेलच्या नसतात, प्रश्नाच्या असतात. भिंतीवर टांगलेल्या हळदणकरांच्या चित्राचा मी चौकटीसकट, काचेवरच्या चमकेसकट फोटो काढला, तर ती प्रतिमा काय? प्रकाश पडून झाली म्हणून फोटो, की आत चित्र आहे म्हणून चित्र? छायाचित्रांचा संग्रह लावणाऱ्याला पहिलं उत्तर हवं असेल, ओळखपत्र तपासणाऱ्याला दुसरं. नावं लावणाऱ्या दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरं दिली, तर मॉडेल तो गोंधळच शिकतं. म्हणून जाणती माणसं हे दोन प्रश्न वेगळे ठेवतात: प्रतिमा कशी तयार झाली, आणि तिच्यात काय दाखवलं आहे. टक्केवारी चाळीस ते साठच्या मधे घुटमळली तर निकाल माणसाकडे सोपवतात.

शेवटची मर्यादा सर्वांत मोठी. मॉडेलने पडलेल्या प्रकाशाच्या खुणा शिकल्या आहेत, प्रकाश खरोखर पडला होता का हे ते शिकलेलं नाही. संगणकावर प्रकाशाचे नियम चालवून घडवलेलं त्रिमितीय दृश्य, किंवा लाखो फोटोंवरून शिकलेल्या यंत्राने बनवलेला चेहरा, यांत सलग छटा असतात, विरत जाणाऱ्या सावल्या असतात, धूसर पार्श्वभूमी असते. मॉडेल त्यांना फोटो म्हणेल, आणि त्याला जे शिकवलं त्या हिशेबाने ते बरोबरच असेल. म्हणून त्याने ‘फोटो’ म्हटलं की त्याचा अर्थ इतकाच घ्यावा: या प्रतिमेतले रंग निवडलेले दिसत नाहीत. कॅमेऱ्यापुढे आंबा होता की नाही, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.